चिऊचे काळे दात

यंदा आपल्या मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर माझी लेक चिऊ मोदकाच्या ताटाजवळ उभी राहून मनमोकळं हसली आणि निदान पाच-सहा जणांनी मला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला: "अरे, हिचे पुढचे दात असे काळे कसे झाले?" एका काकूंनी लोहाचं औषध चालू आहे का, असं विचारलं. एका काकांनी प्रेमानं दटावलं, "एवढे शिकलेले तुम्ही, दातांकडे लक्ष नाही?" प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगताना गोष्ट अर्धवटच राहत होती. संपादक म्हणाले, लिहूनच काढ. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. पण हे काळे दात आम्ही विचार करून, सही करून करवून घेतलेले आहेत, आणि त्यामागचं कारण आमच्या वयाच्या आईबापांना माहीत असावं असं वाटतं.

सुरुवात आमच्या चुकीपासून. माझं काम अमेरिकेतल्या टीमबरोबर, त्यामुळे रात्री अकरा-साडेअकरापर्यंत कॉल. बायको सकाळी सातला बँकेसाठी घर सोडते. चिऊला झोपवण्याचा सोपा उपाय म्हणजे साखर घातलेल्या दुधाची बाटली. ती तोंडात धरूनच ती झोपायची, आणि हे तीन वर्षांची झाली तरी चालू होतं. झोपेत लाळ फार कमी सुटते. दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं, आणि तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करून दाताचा कठीण भाग विरघळवत बसतात. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशानं वाचतात. म्हणून बाटलीची कीड ओळखू येते ती वरच्या चार दातांवर, हिरडीच्या कडेला. आधी खडूसारखी पांढरी रेघ, मग पिवळट-तपकिरी खळगा. ती पांढरी रेघ मी पाहिली होती. मला वाटलं, दूधच चिकटलंय.

जानेवारीत गार पाणी पिताना ती तोंड वाकडं करायला लागली, तेव्हा आम्ही मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. चिऊ तेव्हा तीन वर्षं आठ महिन्यांची, वजन तेरा किलो. वरचे चारही पुढचे दात किडलेले होते आणि खालच्या उजव्या दाढेत एक खळगा होता. डॉक्टर मॅडमनी दोन एक्स-रे काढले, हिरडीवर कुठे फोड किंवा सूज आहे का ते पाहिलं आणि एक प्रश्न तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला: रात्री दुखून उठते का? काही न खातापिता आपोआप दुखतं का? दुखणं सुरू झालं की बराच वेळ थांबत नाही का? तिन्ही वेळा उत्तर नाही असं होतं. या प्रश्नावर पुढचं सगळं अवलंबून होतं, हे मला नंतर कळलं.

मॅडमनी दोन रस्ते सांगितले. पहिला म्हणजे कीड कोरून काढायची आणि दात बुजवायचे किंवा त्यांना टोप्या बसवायच्या. पण पावणेचार वर्षांचं मूल पाच दातांसाठी ड्रिलखाली तोंड उघडं ठेवून बसत नाही. म्हणजे हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन सगळं एकाच वेळी करायचं. दात छान पांढरे दिसतील. दुसरा रस्ता म्हणजे कोरायचं नाही, भूल द्यायची नाही, फक्त एक औषध लावायचं. कीड जिथे आहे तिथे थांबवण्याचा प्रयत्न करायचा. त्या औषधाचं नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, थोडक्यात एसडीएफ. "पण," त्या म्हणाल्या, "किडलेला भाग काळा होईल. तपकिरी नाही, काळा. आणि तो तसाच राहील." त्यांनी मोबाइलवर दुसऱ्या एका मुलाच्या दातांचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले, फक्त तोंडाचे. बायकोनं फोटो पाहून मान फिरवली.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिचं पहिलं म्हणणं, "दुधाचे दात ना? पडायचेच आहेत. कशाला काही करायचं?" आणि काळ्या रंगाचं ऐकल्यावर दुसरं, "मुलीची जात. समोरचेच दात काळे करून आणणार? बालवाडीत पोरं चिडवतील तिला." पहिल्या मुद्द्याचं उत्तर सोपं होतं. वरचे पुढचे दुधाचे दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात आणि दुधाच्या दाढा तर नऊ ते बाराच्या दरम्यान. म्हणजे पुढचे दात अजून तीन-चार वर्षं आणि दाढ त्याहून जास्त टिकायला हवी. एवढ्या काळात उघडी कीड दाताच्या नसेपर्यंत पोचते, मग ठणका, पू, सूज, आणि खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही धक्का लागू शकतो. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी ते औषध नेमकं काय करतं, हे समजून घ्यायला बसलो.

दात किडतो तो दोन टप्प्यांत. जंतूंच्या आम्लानं आधी दातातला खनिजाचा भाग विरघळतो. मग उरतं ते प्रथिनाचं मऊ जाळं, तेही हळूहळू कुजतं. एसडीएफमधले दोन घटक या दोन ठिकाणी काम करतात. चांदी जंतूंना मारते आणि त्या जाळ्याला कुजवणाऱ्या रसायनांनाही आवर घालते. फ्लोराइड लाळेतल्या कॅल्शियमच्या मदतीनं विरघळलेला भाग पुन्हा कठीण व्हायला हातभार लावतं. अमोनियामुळे चांदी द्रावणात टिकून राहते. रसायनशास्त्राच्या भाषेत ते Ag(NH₃)₂F. नेहमी वापरतात ते ३८ टक्क्यांचं द्रावण. त्यात फ्लोराइडचं प्रमाण साधारण ४४,८०० पीपीएम असतं, तर आपल्या टूथपेस्टमध्ये हजाराच्या आसपास. म्हणूनच हे घरी आणून लावायचं औषध नाही, आणि ते थेंबांत मोजतात. दहा किलो वजनाला एका भेटीत एक थेंब, ही मर्यादा मॅडमनी सांगितली. एका थेंबात पाचेक दात सहज होतात, म्हणजे चिऊला एकच थेंब पुरणार होता.

हे औषध कालपरवाचं नाही. जपानमध्ये ते १९७० पासून वापरात आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आता काळेपणाचं. आईला हे समजावताना मला आपल्या मतदानाची शाई आठवली. त्या शाईतही चांदीचंच एक संयुग असतं, सिल्व्हर नायट्रेट. बोटाला लावतात तेव्हा ती जांभळट दिसते, आणि चांदी कातडीत बसून उजेडात काळी पडते. कितीही घासा, जात नाही. कातडीचा वरचा थर झडतो आणि नख वाढून पुढे सरकतं, तेव्हाच डाग जातो. दाताचंही तसंच. चांदी किडलेल्या, सच्छिद्र भागात शिरते, तिथे बसते आणि काळी होते. मात्र दात कातडीसारखा झडत नाही, म्हणून डाग राहतो. निरोगी दाताचा वरचा थर घट्ट आणि गुळगुळीत असतो. त्यात चांदी शिरत नाही, म्हणून तो पांढराच राहतो. म्हणजे जे काळं दिसतं ती आधीपासून किडलेली जागाच असते. औषधानं नवीन जागा खराब केलेली नसते, किडलेल्या जागेवर खूण केलेली असते. आणि किडीला थांबवणारी चांदीच ती खूण करते, त्यामुळे एक घेऊन दुसरं टाळता येत नाही.

"काळं न होण्याचा काहीच उपाय नाही का?" हे मी मॅडमना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, एसडीएफवर लगेच पोटॅशियम आयोडाइड लावलं तर रंग कमी होतो, पण तो कायम तसा राहीलच याची खात्री नाही, काही महिन्यांनी काळसरपणा परत येऊ शकतो. मूल मोठं होऊन शांत बसायला लागलं की वरून पांढरं सिमेंट लावता येतं, तरी आतली सावली थोडी दिसतेच. कुठलाच शब्द त्यांनी गोड करून सांगितला नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच आम्ही ठरवू शकलो. पूर्ण भुलीचा धोका निरोगी मुलाला फार कमी असतो, हे मला पटत होतं. पण जे काम थांबून, टप्प्याटप्प्यानं होऊ शकतं, त्यासाठी तिला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायला बायकोचं मन तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नव्हतं.

प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटांत झालं. आधी ब्रशनं दात स्वच्छ केले, ड्रिल नाही. ओठांना आणि हिरडीला व्हॅसलिन फासलं, कारण हे द्रावण जिथे लागेल तिथे डाग पडतो. गालाच्या आत कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या आणि दात कोरडे केले. लाळेनं ओल्या दातावर औषध पातळ होऊन वाया जातं, म्हणून ही पायरी घाईत उरकू नये. प्लॅस्टिकच्या छोट्या वाटीत एक थेंब घेतला, बारीक ब्रशच्या टोकानं फक्त किडलेल्या जागी लावला आणि साधारण मिनिटभर मुरू दिला. मग उरलेलं कापसानं टिपून घेतलं. अमोनियाचा उग्र वास आला. चिऊ तोंड आंबट करून म्हणाली, "पैशासारखं लागतंय." म्हणजे नाणं चाटल्यासारखं. मी तिला मांडीवर धरून बसलो होतो.

घरी येताना दात अजून तपकिरीच होते. आई म्हणाली, "कुठे काळे झालेत?" संध्याकाळपर्यंत ते करडे झाले, दुसऱ्या दिवशी कोळशासारखे. तिच्या गालावर मसुराच्या दाण्याएवढा एक तपकिरी ठिपकाही उमटला, तो आठवड्याभरात गेला. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर मात्र दोन ठिपके आले आहेत, ते अजून तसेच आहेत. तुम्ही मुलाला नेणार असाल तर दोघांनीही जुने कपडे घाला.

काळं झालं म्हणजे काम झालं, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. तीन आठवड्यांनी मॅडमनी बोथट टोकाच्या सळईनं एकेक दात हलकेच चाचपला. थांबलेली कीड काळी, चकचकीत आणि कडक लागते. चालू असलेली कीड तपकिरी, निस्तेज आणि भिजलेल्या लाकडासारखी मऊ लागते. चार ठिकाणी कडक लागलं. वरच्या डावीकडच्या बाजूच्या दातात, हिरडीलगत, मऊच होतं. तिथे त्या दिवशी चिऊनं जीभ मध्ये घातली होती आणि जागा ओली झाली होती. तेवढ्या दातावर औषध परत लावलं. दाढेचा खळगा कडक झाला होता, पण खळगा तो खळगाच. त्यात पोळी अडकायची. एसडीएफ कीड थांबवतं, खड्डा भरून काढत नाही. म्हणून दाढेवर न कोरताच ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरलं. पुढच्या दातांचे खळगे उथळ आणि ब्रश पोचेल असे होते, ते उघडेच ठेवले.

एकदा लावून विसरता येत नाही, हेही इथेच लिहितो. हाँगकाँगमधल्या बालवाडीच्या मुलांवर तीस महिने चाललेल्या एका अभ्यासात ३८ टक्के एसडीएफ वर्षातून दोनदा लावलं तेव्हा किडलेल्या दर शंभर जागांपैकी साधारण ७६ थांबल्या. वर्षातून एकदाच लावलं तेव्हा ६७. म्हणजे चांगल्या हातांत, नेमानं लावूनही चारातली एक जागा हुलकावणी देऊ शकते. पुढचे दात दाढांपेक्षा बरे दाद देतात. म्हणून जुलैत आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा एक थेंब. पाचही जागा आता कडक आहेत. गार पाण्यानं तोंड वाकडं करणं पहिल्या काही आठवड्यांतच थांबलं होतं.

घरात बदल केले ते सांगायलाच हवेत, नाहीतर औषधाला फुकटचं श्रेय मिळेल. बाटली बंद झाली. पहिले चार दिवस रात्री रडारड, मग सुटली. झोपण्याआधी दूध कपातून, साखरेशिवाय, नंतर ब्रश, आणि त्यानंतर फक्त पाणी. तिचे दात रात्री मीच घासतो, माझा कॉल त्यासाठी पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. टूथपेस्ट वाटाण्याएवढी, आणि ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा पाहून घेतलेली. मुलांच्या नावानं विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड अगदी कमी असतं किंवा नसतंच, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता ज्यांना हे चालत नाही त्यांच्याबद्दल. माझ्याकडून चिऊची गोष्ट ऐकून इंदूरच्या मावसभावानं त्याच्या पाच वर्षांच्या मुलासाठी तेच औषध मागितलं. तिथल्या डॉक्टरांनी नाही म्हटलं. त्याला रागच आला, "तुझ्या मुलीला चालतं, माझ्या मुलाला का नाही?" मी त्याला मॅडमचे तीन प्रश्न विचारले. मुलगा दोन रात्री दुखून उठला होता आणि दाढेजवळच्या हिरडीवर एक बारीक पुटकुळी आली होती. म्हणजे कीड नसेपर्यंत पोचून आत पू झाला होता. अशा दातावर एसडीएफ लावलं तर वरून काळं कवच दिसतं आणि आत दुखणं वाढत राहतं. त्या दाताची नस काढून त्यावर टोपी बसवायची, किंवा दातच काढायचा, हेच मार्ग. त्याची दाढ काढली. चांदीची ॲलर्जी असेल तरी हे औषध देत नाहीत, आणि तोंडात उघडे फोड किंवा हिरड्या सोललेल्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत थांबतात, कारण तिथे ते चांगलंच झोंबतं.

मग ते चालतं कोणाला? फार लहान असल्यानं ड्रिलखाली बसू न शकणाऱ्या मुलांना, एकदम खूप दात किडलेल्यांना, आजारपणामुळे भूल देणं जोखमीचं असणाऱ्यांना, आणि उपचाराची रांग किंवा प्रवास लांब असणाऱ्यांना. अट एवढीच, की दात आपोआप दुखत नसावा, आणि आईवडील दर सहा महिन्यांनी परत यायला आणि काळा रंग पाहायला तयार असावेत. दाढांच्या बाबतीत ही शेवटची अट बहुतेकांना जड जात नाही. पुढच्या दातांना जाते, आणि जिला ती नको वाटते त्या आईला मी चूक म्हणणार नाही. आम्हीही तीन रात्री भांडलो होतो.

आईची भीती अगदी खोटी ठरली नाही. मार्चमध्ये बालवाडीतला एक मुलगा तिला "काळीदाती" म्हणाला, आणि दोन दिवस चिऊ हसताना ओठांवर हात ठेवत होती. ते बघून माझ्या पोटात तुटलं. त्या रात्री मला परत वाटलं, भूलच दिली असती तर? बाईंशी बोललो, त्यांनी वर्गात सांगितलं. पण खरा उपाय आईनंच केला. तिनं निवडणुकीच्या वेळचा, बोट दाखवत काढलेला स्वतःचा फोटो चिऊला दाखवला आणि सांगितलं, "ही बघ माझ्या बोटाला चांदी. तुझ्या दाताला चांदी."

यंदा गणपतीत लोहाचं औषध विचारणाऱ्या त्या काकूंना चिऊनंच उत्तर दिलं. तोंडात मोदक होता, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही. मी परत सांगतो. ती म्हणाली, "ही चांदी आहे. आतला किडा झोपलाय. सातव्या वर्षी पडणारे." जानेवारीत आमची पुढची तपासणी आहे. तो किडा अजून झोपलाय का, हे तेव्हा सळई लावून कळेल.